डीडी खरा होता, रक्कम खोटी होती, ट्रॅक्टर गेला

जुना ट्रॅक्टर विकायला काढला होता, ऑनलाइन जाहिरात टाकली आणि दोन दिवसांत एकाचा फोन आला, भाव 4 लाख 60 हजारला ठरला. माणूस बोलायला एकदम गोड, कॅश नको म्हणाला, डीडी देतो, "दादा डीडी म्हणजे कॅशच की, बाउन्स होत नाही." मला पण ते पटलं. नावात चूक नको म्हणून पासबुकच्या पहिल्या पानाचा फोटो मागितला, मी पाठवला. काय हुशार माणूस, असं वाटलं तेव्हा.

शुक्रवारी संध्याकाळी साडेचारला डीडी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, मग रविवार, म्हणजे दोन दिवस बँक बंद. हे नंतर डोक्यात आलं.

मी अगदीच आंधळा नव्हतो हो, डीडी नीट बघितला. नाव पासबुकाप्रमाणे तंतोतंत. तारीख दोन दिवसांपूर्वीची, म्हणजे 3 महिन्यांची मुदत अख्खी शिल्लक (2012 च्या एप्रिलपासून 3 महिनेच आहे, आधी 6 होती, बरेच जण अजून 6 च धरून चालतात). शाखेचा शिक्का, कोड, सही सगळं होतं. उजेडात धरला तर CTS-INDIA चा वॉटरमार्क पण दिसला. वर आमच्या दाजींनी शाखेचा नंबर स्वतः बँकेच्या साइटवरून काढून फोन लावला, डीडीवरचा नंबर नाही वापरला. बंद व्हायच्या वेळेला कुणीतरी उचलला. दाजींनी विचारलं, अमुक नंबरचा डीडी तुमच्याकडून या नावाने निघालाय का? तिकडून उत्तर आलं, हो निघालाय.

झालं. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून दिल्या, चावी दिली, चहा पाजला, ट्रॅक्टर गेला.

सोमवारी डीडी खात्यात भरला, मंगळवारी परत. कारण काय तर खाडाखोड. मी म्हटलं खाडाखोड कुठंय, एवढा स्वच्छ कागद! मॅनेजरबाईंनी मला आत बोलावून तो निळ्या दिव्याखाली धरला. रक्कम छापली होती तेवढ्याच जागी पांढरट डाग, आणि तिथल्या पार्श्वभूमीच्या बारीक नागमोडी रेषा पुसट. बोट फिरवलं तर तेवढाच भाग किंचित खरखरीत. त्या शाखेने खरंच माझ्या नावाने डीडी काढला होता, फक्त 460 रुपयांचा. अंक आणि अक्षरं दोन्ही केमिकलने उडवून वर चार लाख साठ हजार छापलं होतं. म्हणजे नाव, तारीख, नंबर, शिक्का, सही सगळं अस्सल, म्हणूनच आम्ही जे जे तपासलं ते ते बरोबर निघालं. फोनवर एकच गोष्ट विचारायची राहिली, ती म्हणजे रक्कम. आणि ती पण आपण सांगून "बरोबर का" असं विचारायची नाही, तिकडच्याला म्हणायचं, सिस्टीममध्ये बघा आणि तुम्हीच आकडा सांगा. फोनवर सांगायला तयार नसतील तर तोवर गाडी हलवू द्यायची नाही.

मॅनेजरबाईंनी आणखी एक दाखवलं जे मला माहितीच नव्हतं. 2018 पासून डीडी काढणाऱ्याचं नाव पण पुढच्या बाजूला छापतात. ते नाव मला दिसलं होतं, या गड्याचं नव्हतंच, तो म्हणाला मेहुण्याने काढलाय, मी सोडून दिलं. बाई म्हणाल्या, 50 हजार आणि त्यावरचा डीडी रोख भरून मिळतच नाही, खात्यातूनच पैसे कापून जातात, मग मेहुण्याच्या खात्यातून 4 लाख 60 हजार गेल्याची एन्ट्री दाखव म्हणायचं होतं. 460 चा डीडी काय, कुणीही काउंटरवर रोख भरून काढतो.

आता कुणी विचारलं तर मी सांगतो, घेणाऱ्यासोबत बँकेत जा, तुमच्यासमोर डीडी निघू दे. नाहीतर डीडी भरा, पैसे वसूल झाले का ते शाखेत विचारा आणि मगच फॉर्मवर सही करा. थांबायला तयार नसेल तर जाऊ दे गिऱ्हाईक.

पोलिसात तक्रार दिली, आरटीओत अर्ज देऊन ट्रान्सफर अडवून ठेवलीय. त्याचा नंबर त्याच रात्रीपासून बंद आहे. ट्रॅक्टरचा पत्ता नाही, आणि डीडीत फेरफार झालेला असल्यामुळे ते मूळचे 460 रुपये पण बँकेने दिले नाहीत.