सोलापूरच्या जड पाण्यात जी.आय., सी.पी.व्ही.सी. आणि तांब्याची पाइप: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

जुळे सोलापुरात आमचं दुमजली घर आहे आणि गच्चीवर पाणी तापवायचं सोलर आहे. वरच्या टाकीत नळाचं आणि बोअरचं पाणी मिसळून चढतं. गरम पाण्याची जी.आय., म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपची लाइन जवळजवळ बंद पडली, म्हणून पाइप बदलल्या. आज घरात तिन्ही प्रकारच्या पाइप चालू आहेत.

आधी जुन्या पाइपबद्दल. काढलेली अर्धा इंची पाइप कापून बघितली, तर गरम पाण्याच्या तुकड्यात आतून कडक पांढरा थर होता आणि मधे जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक उरलं होतं. थंड पाण्याच्या तुकड्यात तपकिरी, फोडासारखे गोळे होते. दोन्हीवर लिंबू पिळलं. पांढरा थर फसफसला, म्हणजे तो क्षार. तपकिरी गोळ्यांवर काही झालं नाही, तो गंज. तुमच्या घरात नेमकं काय साठलंय हे एवढ्यात कळतं.

पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन चिकटतं, म्हणून क्षार गरम लाइनमध्ये जास्त. थंड लाइनमध्ये आतला जस्ताचा थर झिजला की लोखंड उघडं पडतं. गळती आट्यांपाशीच सुरू होते, कारण आटे पाडताना जस्त तिथं खरवडून निघतं आणि पाइपची जाडीही कमी होते. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं. मीटरपासून हौदापर्यंतची पाइप मधले दिवस ओली, पण हवेने भरलेली राहते आणि त्यात गंज झपाट्याने धरतो. पाणी आल्यावर पहिली बादली लालसर येत असेल, तर समजून घ्या.

भोक निम्मं झालं की धार निम्मी होईल असं वाटतं, पण तेवढ्याच दाबाला ती पाचव्या-सहाव्या हिश्शावर येते. गच्चीच्या टाकीचा दाब मुळातच कमी असतो, त्यामुळे आमचा वरचा शॉवर नुसता ठिबकायचा.

आता सी.पी.व्ही.सी., म्हणजे गरम पाणीही सोसणारी प्लॅस्टिकची पाइप. थंड पाण्यासाठी ही मला बिनशर्त पसंत आहे. गंजाचा प्रश्नच नाही. आतून गुळगुळीत असल्यामुळे क्षार लोखंडासारखा घट्ट धरत नाही. गरम लाइनचं एक युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, नुकतंच उघडून पाहिलं, तर भुकटीसारखा पातळ थर होता आणि तो बोटाने निघाला. पण क्षार पाण्यातच आहे, तो गिझरच्या कॉइलवर आणि शॉवरच्या जाळीत बसतोच. पाइप बदलून तो थांबत नाही.

तिची खरी अडचण उष्णता आहे. सी.पी.व्ही.सी. तापली की लोखंडापेक्षा पाचपट वाढते. तीन मीटरची पाइप ४० अंशांनी तापली, तर लांबी ७ ते ८ मिलिमीटर वाढते. आमच्या प्लंबरने गच्चीवरची लांब लाइन क्लँपने आवळून टाकली होती. मे महिन्यात ती धनुष्यासारखी वाकली. मग मधे एल्बो घालून वळसा दिला आणि क्लँप सैल केले. तेव्हापासून ठीक आहे. उन्हातल्या भागाला पाण्यात मिसळणारा रंग द्यायलाच हवा. आणि साधी पांढरी यू.पी.व्ही.सी. गरम पाण्याला लावू नका, ती मऊ पडते.

दुसरं म्हणजे ८२ अंशांना या पाइपची दाब सोसायची ताकद थंड पाण्यातल्या ताकदीच्या चौथाईवर येते. गावाला गेलो आणि सोलरचं पाणी वापरलं नाही, तर उन्हाळ्यात टाकी त्याहूनही तापते. म्हणून सोलरच्या तोंडापासून पहिले दोन मीटर तांब्याची पाइप घेतली आणि पुढे पितळी आट्यांचं फिटिंग लावून सी.पी.व्ही.सी. जोडली.

तांब्याचा तुकडा उत्तम चाललाय. क्षार त्यातही बसतो, पण गंजाचे गोळे होत नाहीत. जोड मात्र नेहमीच्या प्लंबरला जमले नाहीत, फ्रिज-एसीच्या मेकॅनिककडून ब्रेझिंग करून घ्यावे लागले. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: तांब्याच्या पुढे जी.आय. जोडू नका. तांब्याचे कण पाण्याबरोबर पुढे जाऊन जस्तावर बसतात आणि तिथे पाइप आतून पोखरली जाते. आधी जी.आय. आणि मग तांबं चालतं, पण त्या जोडातही मधे पितळी फिटिंग हवं.

खर्चाचं सांगायचं तर, मला मिळालेल्या दरात जी.आय.ची बी क्लास पाइप (निळ्या पट्ट्याची) सी.पी.व्ही.सी.च्या दुप्पट पडत होती आणि तांबं सहा-सातपट. सी.पी.व्ही.सी.मध्ये पैसे पाइपपेक्षा पितळी फिटिंगवर जातात. तिथे काटकसर करून प्लॅस्टिकचे आटे घेतले, तर गिझरपाशी तडा जातो. मजुरी जी.आय.ची जास्त, कारण आटे पाडण्यात दिवस जातो.

हौदाकडची जी.आय. लाइन अजून तशीच आहे. जिथे ती जमिनीवर उघडी आहे आणि गाडीचं चाक लागू शकतं, तेवढा भाग जी.आय.च ठेवणार. उरलेली लाइन पावसाळ्याआधी बदलायला काढतोय.