नोकरभरतीचे अहवाल चौदा महिने वाचल्यानंतर: टक्का सांगतात, पाया सांगत नाहीत

ईव्ही बॅटरीचा कोर्स विकणाऱ्या संस्थेशी माझं शेवटचं बोलणं मागच्या आठवड्यात झालं. मी बेचाळीस हजार भरले होते, चार महिने पाठपुरावा केल्यावर चौदा हजार परत मिळाले. ते पैसे मी एका अहवालातली यादी बघून भरले होते. म्हणून चौदा महिन्यांत अहवालांचा कसा उपयोग झाला आणि कुठे फसायला झालं, ते सविस्तर लिहिते आहे.

मी डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणला इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये आठ वर्षं आहे. आमच्याकडे मुख्य काम व्हॉल्व्ह गाईड आणि कॅमशाफ्टचं, आणि बॅटरीवरच्या गाडीत हे दोन्ही भाग नसतात. त्यामुळे पुढची पंधरा वर्षं काय करायचं हा प्रश्न मला खरोखर झोपू देत नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा 'फ्यूचर ऑफ जॉब्स' अहवाल आला आणि मी तो बसून वाचला. पंचावन्न देशांतल्या हजाराहून जास्त कंपन्यांना विचारून केलेला आहे, म्हणून विश्वासही बसला. त्यात सर्वात वेगाने वाढणाऱ्या कामांच्या यादीत इलेक्ट्रिक आणि स्वयंचलित वाहनांचे तज्ज्ञ वरच्या भागात होते. फेब्रुवारीत मी कोर्सचे पैसे भरले.

मी काय वाचलं नव्हतं, ते आता सांगते. त्याच अहवालात दुसरी यादी आहे: आकड्याने सर्वात जास्त वाढणारी कामं. तिच्यात शेतमजूर, डिलिव्हरीचे ड्रायव्हर, सॉफ्टवेअर डेव्हलपर, बांधकाम कामगार, दुकानातले विक्रेते. पहिल्या यादीत टक्का मोजलाय, दुसरीत माणसं. दोन्ही खऱ्या आहेत. पण बातम्यांत आणि कोर्सच्या जाहिरातींत पहिलीच फिरते, कारण तिच्यातली नावं नवीन वाटतात.

ही एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते, म्हणून तिच्यावर थांबते. समजा एका शहरात बॅटरी टेस्टिंगच्या २०० जागा होत्या आणि त्या ३०० झाल्या. वाढ पन्नास टक्के, नवीन जागा १००. त्याच शहरात मशीन शॉपमधल्या क्वालिटीच्या ५,००० जागांच्या ५,२५० झाल्या. वाढ पाच टक्के, नवीन जागा २५०. अहवालाच्या पहिल्या पानावर पन्नास टक्केवाली ओळ येते, नोकरी शोधणाऱ्याला मात्र अडीचशेवाली जास्त कामाची असते. शिवाय जुन्या ५,००० जागांतली माणसं निवृत्त होतात, सोडून जातात, त्या जागाही भराव्या लागतात. वाढीच्या टक्क्यात ती भरती कुठेच दिसत नाही. म्हणून आता कुठलाही टक्का वाचला की मी आधी मूळ आकडा शोधते. तो पानावर नसेल तर ती ओळ वहीत घेत नाही.

मॅनपॉवरग्रुप या मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचा तिमाही सर्व्हे याच कारणासाठी मी सोडला. त्यातला 'नेट' आकडा कसा निघतो ते आधी बघावं. कंपन्यांना विचारतात की पुढच्या तीन महिन्यांत माणसं वाढवणार, कमी करणार की तेवढीच ठेवणार. शंभरातल्या पन्नास वाढवणार म्हणाल्या, बारा कमी करणार म्हणाल्या, तर आकडा अडतीस. (मोसमी चढउताराची दुरुस्ती नंतर होते.) म्हणजे हा कंपन्यांचा टक्का आहे, नोकऱ्यांचा नाही. दोन माणसं घेणारी आणि दोन हजार घेणारी या हिशेबात सारखीच. मी मात्र सुरुवातीला 'भारतात चाळीस टक्के नोकऱ्या वाढणार' असंच वाचत होते आणि घरी तसंच सांगतही होते. वातावरण कुठल्या दिशेला आहे हे कळायला तो सर्व्हे बरा आहे. कौशल्य निवडायला त्याचा मला उपयोग झाला नाही.

नौकरी या जॉब साइटच्या 'जॉबस्पीक' अहवालाबद्दल माझं मत मध्येच बदललं, तेही प्रामाणिकपणे नोंदवते. आधी मी तोही बाजूला टाकला होता. जुलै २००८ ला १,००० धरून काढलेला निर्देशांक, त्यावरून जागा किती ते कळत नाही. त्याच साइटवरच्या जाहिराती आणि रिक्रूटरांनी केलेले शोध यांवर तो उभा आहे. कॅम्पस भरती, गिग कामं, हायपरलोकल भरती त्यात धरत नाहीत. दारावरच्या ठेकेदारामार्फत भरलेला ऑपरेटर त्यात येण्याची शक्यता कमीच. पण सहा-सात महिन्यांचे अंक शेजारी ठेवून बघितले, तेव्हा लक्षात आलं की त्यातली अनुभवाच्या वर्षांनुसार आणि शहरांनुसार दिलेली फोड फार उपयोगाची आहे. आपला उद्योग फ्रेशर घेतोय की आठ-दहा वर्षांची माणसं, हे तिथून कळतं. फक्त एका महिन्याची मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करू नये. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. त्यामुळे २०२५ च्या ऑक्टोबरात कामाचे दिवसच कमी पडले, आकडा पडलेला दिसणारच. मी ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र धरते, मगच मत बनवते.

ईपीएफओचे पेरोलचे आकडे दर महिन्याला येतात, साधारण दोन महिने मागचे आणि तात्पुरते, नंतर बदलतात. पण ते इच्छा सांगत नाहीत, ज्यांचा पीएफ खरोखर जमा झाला ती माणसं सांगतात, म्हणून मला आवडतात. एक खाचखळगा आहे. ठेकेदाराने भरलेली माणसं बहुतेक 'एक्स्पर्ट सर्व्हिसेस' या उद्योगगटात धरली जातात, त्यात मनुष्यबळ पुरवणारे आणि सिक्युरिटीवाले येतात. त्यामुळे चाकणच्या लाइनवर उभा असलेला मुलगा गाड्यांच्या उद्योगात मोजलाच जात नाही. उद्योगाचा आकडा लहान दिसला म्हणून लगेच घाबरू नये.

हे सगळं कळल्यावर मी अहवाल फक्त इशारा म्हणून ठेवले आणि मोजणी स्वतः सुरू केली. दर रविवारी सकाळी एक तास, बारा आठवडे. जॉब साइटवर पुणे, पाच ते दहा वर्षं अनुभव, गेल्या सात दिवसांतल्या जाहिराती. शोधशब्द दोनच: `EV battery` आणि `CMM`, म्हणजे भागांची अचूक मापं घेणारं कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन. सीएमएम निवडायला कारण झाले आमच्या टूलरूममधले काका. ते म्हणाले, "अगं, इंजिन जाऊ दे नाहीतर मोटर येऊ दे, हाउसिंगचं बोअर मोजायला माणूस लागणारच ना?" मला ते पटलं, पण मोजल्याशिवाय मी पैसे भरणार नव्हते.

मोजताना खरी मेहनत गाळण्यात आहे. एकच जागा तीन कन्सल्टंट टाकतात, मजकूर शब्दशः तोच, फक्त कंपनीचं नाव 'नामांकित कंपनी'. ती एकच धरायची. काही जाहिराती दर आठवड्याला नव्या तारखेने येतात. त्यात शिफ्ट नाही, मशीन कुठलं ते नाही, गाव नाही. त्या बहुधा बायोडाटा गोळा करायला असतात. खऱ्या जाहिरातीत तपशील असतो: ब्रिज टाइप मशीन, सॉफ्टवेअर PC-DMIS की Calypso, नवीन भाग ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायचं पीपीएपी येतं का, तळेगाव की रांजणगाव. शंका आली तर मी फोन केला. एकदा समोरची बाई सरळ म्हणाली, "मॅडम, आत्ता जागा नाहीये, पण प्रोफाइल पाठवून ठेवा." ती जाहिरात खोडली.

पहिल्या रविवारचाच हिशेब देते. ईव्ही बॅटरीच्या ४१ जाहिराती होत्या, गाळून ९ उरल्या. त्यातल्या सहांना इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री आणि सेल टेस्टिंगचा प्रत्यक्ष अनुभव हवा होता, तीन विक्रीच्या होत्या. माझ्यासारख्या मेकॅनिकल डिप्लोमाला तीन महिन्यांच्या कोर्सवर घेणारी एकही नव्हती. सीएमएमच्या ३८ होत्या, गाळून १७, आणि त्यातल्या बारा ठिकाणी डिप्लोमा चालत होता. पुढच्या अकरा आठवड्यांत आकडे हलले, पण हे चित्र उलटं एकदाही झालं नाही. आणखी एक दिसलं: त्या जागा फक्त गाड्यांच्या नव्हत्या. पंप, विमानाचे भाग, शस्त्रक्रियेचे इम्प्लांट बनवणाऱ्यांच्याही होत्या. माझी भीती एका उद्योगाबद्दल होती आणि हे कौशल्य चार उद्योगांत चालत होतं, ही माझ्यासाठी या चौदा महिन्यांतली सर्वात आनंदाची गोष्ट.

या मोजणीची मर्यादाही आहे. ओळखीने भरलेल्या जागा यात येत नाहीत, आणि आमच्या भागात त्या कमी नाहीत. सरकारी करारांच्या बातम्याही मी यात धरत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनला टोयोटाचा कारखाना काढायचा करार जुलै २०२४ मध्ये झाला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण करारापासून लाइन सुरू होऊन क्वालिटीची भरती निघेपर्यंत काही वर्षं जातात, आणि जाहीर होणाऱ्या रोजगाराच्या आकड्यात बरेचदा अप्रत्यक्ष नोकऱ्याही मिळवलेल्या असतात. त्या भागातल्या मुलांनी त्या आकड्यावर आज फी भरू नये.

खर्चाचं सांगायचं तर अहवाल फुकट असतात, पण काही ठिकाणी पीडीएफ उतरवताना फोन नंबर मागतात. मी एकदा दिला आणि दोन महिने कोर्सवाल्यांचे फोन आले. माझा बॅटरीचा कोर्स त्यातल्याच एका फोनवर ठरला. आता मुख्य आकडे प्रेस नोटमधूनच घेते. सीएमएम मी कंपनीतच शिकले. साहेबांना मोजणीची वही दाखवली आणि दुसऱ्या शिफ्टला मशीनवर बसायची परवानगी मागितली. जिओमेट्रिक टॉलरन्सिंग आधी पक्कं केलं, कारण ड्रॉइंगवरची डेटमची, म्हणजे माप कुठून धरायचं त्याची, खूण नीट वाचता येत नसेल तर प्रोग्रॅम बिनचूक चालूनही माप चुकीचं येतं. पाच महिन्यांनी दोन ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं. दोन्हीकडे प्रमाणपत्राबद्दल कुणी विचारलं नाही, ड्रॉइंग हातात देऊन अलाइनमेंट कशी घेशील ते विचारलं. एकीकडे जमलं, पुढच्या महिन्यात रुजू होते. तिथे मोटर हाउसिंग आणि गीअर बनतात.

वहीत या रविवारपासून `gear inspection` हा शब्द वाढवला आहे. ईव्हीत इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गीअरची शीळ सरळ कानावर येते, म्हणून दाताच्या आकाराची टॉलरन्स तिथे जास्त कडक ठेवतात, आणि ते मोजणारी माणसं पुण्यात किती जण मागतात ते मला बघायचं आहे.