अठरा हजार नऊशेचे घड्याळ अठ्ठ्याऐंशी हजारांना कसे पडले

आमच्या फोंड्याच्या घरात आजोबांच्या वेळचे एक लंबकाचे घड्याळ होते, ते वाळवीने गेले. तसेच दुसरे मिळावे ही इच्छा कित्येक वर्षे मनात होती, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका लहान लिलावगृहाच्या ऑनलाइन यादीत जवळपास तसेच, १९३० च्या दशकातले भिंतीवरचे घड्याळ मला दिसले. अंदाजे किंमत १५० ते २०० पौंड अशी लिहिलेली होती. मी १८० पौंडांवर बोली जिंकलो, तेव्हा पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलेला तो आकडा रुपयांत १८,९०० होत होता. घड्याळ घरी येईपर्यंत माझे ८८,८६१ रुपये गेले. यात मला कोणी लुबाडले आणि कुठे मी स्वतःच आंधळेपणा केला, हे वेगवेगळे करून सांगणे मला आवश्यक वाटते, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

आमच्या देवळांत उत्सवाच्या वेळी पावणी, म्हणजे वस्तूंचा लिलाव, होते, तिथे केळ्यांच्या घडावर कोणी पाचशे म्हटले की पाचशेच द्यायचे असतात. बोली म्हणजे किंमत, हा संस्कार त्यामुळे माझ्या अंगात मुरलेला होता. लिलावगृहात मात्र बोली ही फक्त हिशेबाची पहिली ओळ असते. त्या बोलीवर लिलावगृह खरेदीदाराकडून स्वतःचे कमिशन घेते, त्याला बायर्स प्रीमियम म्हणतात, आणि ते २५ टक्के असल्याचे वस्तूच्या पानावर स्पष्ट लिहिलेले होते. ते मी वाचले होते, म्हणून १८० चे २२५ झाले याचे मला आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य पुढच्या दोन ओळींचे वाटले. त्या प्रीमियमवर तिथला २० टक्के व्हॅट लागतो, त्यामुळे २५ टक्के प्रत्यक्षात ३० टक्के होतात. शिवाय मी थेट लिलावगृहाच्या नव्हे तर अनेक लिलावगृहांच्या याद्या एकत्र दाखवणाऱ्या संकेतस्थळावरून बोली लावली होती, आणि त्या सोयीचे ४.९५ टक्के, त्यावर पुन्हा व्हॅट, म्हणजे ५.९४ टक्के वेगळे. बिल आले २४४.६९ पौंडांचे. बँकेचा परकीय चलनाचा अधिभार धरून एक पौंड मला सुमारे १०५ रुपयांना पडला, तेव्हा हेच २५,६९२ रुपये झाले.

इथपर्यंत कोणी खोटे बोलले नव्हते. अटी त्यांच्या संकेतस्थळावर होत्या, बारीक अक्षरांत आणि दोन पाने ओलांडून, पण होत्या. मी त्या वाचल्या नाहीत, ही चूक माझी. एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली, आणि ती कळली असती तर निदान १६० वर मी थांबलो असतो. शेवटच्या मिनिटाला १६० वरून १८० वर जाताना ‘वीस पौंड म्हणजे दोन हजार रुपये, चालेल’ असे मी मनाशी म्हटले होते. प्रत्यक्षात त्या वीस पौंडांचे लिलावगृहाच्या बिलात २७.१९ पौंड होतात आणि त्यावर इथली आयात जकात बसते, म्हणजे एका क्लिकने मी सुमारे पाच हजार रुपये वाढवले होते.

फसवणूक सुरू झाली ती पाठवणीपासून. वस्तूच्या पानावर ‘शिपिंग उपलब्ध’ असे लिहिलेले होते, त्याचा अर्थ मी लिलावगृह पाठवते असा घेतला. ते स्वतः काहीच पाठवत नाही, एका पॅकिंग कंपनीचे नाव सुचवते. बोलीच्या दोन दिवस आधी मी त्या कंपनीला ईमेलने विचारले होते, आणि भारतात पाठवायला ‘साधारण ७५ पौंड’ असे एका ओळीचे उत्तर मला आले होते. त्या ओळीवर विसंबून मी माझी मर्यादा ठरवली होती. लिलावगृहाचे पैसे भरून झाल्यावर, म्हणजे वस्तू माझी झाल्यावर आणि सौदा रद्द करण्याची वाट बंद झाल्यावर, ही कंपनी दोन आठवडे गप्प बसली. अठराव्या दिवशी नवे कोटेशन आले, ते २१४ पौंडांचे: पॅकिंग ४२, विमानाने वाहतूक १६०, विमा १२.

कारण विचारले तेव्हा त्यांनी आकारमानाच्या वजनाचा हिशेब पाठवला. हवाई कुरियरमध्ये खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात, आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर भाडे त्या आकड्यावर लावतात. खोके ९० बाय ४५ बाय ३० चे होते, म्हणजे २४.३ किलो, आणि आतले घड्याळ खोक्यासकट ११ किलोचे. हिशेब बरोबर आहे, ही पद्धत सर्वत्र आहे, तिला माझा आक्षेप नाही. आक्षेप असा की घड्याळाची उंची ८२ सेंटिमीटर आहे हे यादीत छापलेले होते, आणि माझ्या पहिल्या पत्रात मी त्या यादीचा दुवा दिला होता. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला ८२ सेंटिमीटरच्या घड्याळाला केवढे खोके लागते हे ७५ लिहिताना कळत नव्हते, यावर माझा विश्वास नाही. ‘तो केवळ अंदाज होता’ एवढेच त्यांचे म्हणणे.

मग दुसरी कंपनी शोधावी, असे कोणीही म्हणेल. तेवढ्यासाठीच तो दोन आठवड्यांचा उशीर होता असे मला आज वाटते. लिलावगृह सात दिवस वस्तू फुकट ठेवते, त्यानंतर दिवसाला २ पौंड आणि व्हॅट. अकरा दिवसांचे २६.४० पौंड माझ्यावर चढलेलेच होते. दुसरा कोणी शोधून, त्याने येऊन मोजून, कोटेशन देऊन घेऊन जाईपर्यंत मीटर चालूच राहिला असता. फोंड्यात बसून मी कोणाशी भांडणार होतो? मी २१४ भरले. व्हॅटची गोष्ट इथेच उरकतो. वस्तू ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर गेल्याचा पुरावा दिला तर असे लिलावगृह प्रीमियमवरचा व्हॅट परत करू शकते, पण तो पुरावा पॅकिंग कंपनीकडून यायचा होता, आणि तो आलाच नाही.

इथवर ४८५.०९ पौंड, म्हणजे सुमारे ५०,९३४ रुपये. माझ्या वहीत लिहिलेली कमाल मर्यादा ३५,००० होती, आणि तीत जकातीसाठी मी ‘दहा टक्के धरू’ असे लिहिले होते. ते वाक्य आज वाचताना लाज वाटते.

पार्सल मुंबईला उतरले आणि कुरियरने आधार व पॅनच्या प्रती मागवल्या. पाठोपाठ जकातीचे बिल आले, ३६,५११ रुपयांचे. वैयक्तिक वापरासाठी हवाई मार्गाने किंवा टपालाने आलेल्या वस्तू जकातीच्या यादीत ९८०४ या शीर्षकाखाली घेतात, आणि त्या वेळी तिथे मूळ जकात ३५ टक्के, तिच्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी लागत असे. करावर कर बसत गेल्यामुळे एकूण भार ७७.२८ टक्के होतो. हे दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, म्हणून माझा आकडा न घेता बोलीच्या दिवशीचा पाहावा. दुसरे असे की ही जकात बोलीवर नसते. वस्तूचे बिल, पॅकिंग, विमा आणि वाहतूक यांच्या बेरजेवर असते, आणि ती बेरीज बँकेच्या नव्हे तर सीमाशुल्क खात्याच्या दराने रुपयांत धरतात. म्हणजे त्या १६० पौंड भाड्यावरही मी ७७ टक्के मोजले.

आणि इथे दुसऱ्यांदा मी गाफील राहिलो. फर्मागुडीला राहणारे आमचे एक शेजारी निवृत्तीपूर्वी आयात-निर्यातीचे काम पाहत असत. त्यांना महिन्याभराने सहज बिल ऑफ एंट्री, म्हणजे जकातीच्या आकारणीचा कागद, दाखवली, तर चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले, “भाऊ, भाडे पूर्ण का धरू दिलेत?” सीमाशुल्क मूल्यनिर्धारणाच्या २००७ च्या नियमांनुसार विमानाने आलेल्या मालाच्या किमतीत भाडे मिळवायचे असते, पण ते मालाच्या तिथल्या किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरता येत नाही. माझे बिल आणि पॅकिंग मिळून २८६.६९ पौंड, त्याचे २० टक्के म्हणजे ५७.३४. कुरियरच्या माणसाने सरळ १६० धरले होते. त्यांनी कागदावर मांडून दाखवले तेव्हा फरक आठ हजारांहून थोडा अधिक निघाला. हा मुद्दा पैसे भरण्याआधी कुरियरला लिहून कळवायचा असतो. मी मात्र आणखी साठवणभाडे चढेल या भीतीने बिल आले त्या संध्याकाळीच भरून टाकले होते, कुरियरच्या स्वतःच्या १,४१६ रुपयांच्या सेवाशुल्कासकट.

त्या शेजाऱ्यांनीच मला एक उलटा हिशेब करायला लावला. बोली शून्य धरा, म्हणाले, घड्याळ फुकट मिळाले असे समजा आणि बाकीचे मांडा. २१४ पौंड पाठवणीचे २२,४७० रुपये, त्यावरची जकात १७,०३४, कुरियरचे १,४१६. बेरीज ४०,९२०. घड्याळ मला कोणी दान दिले असते तरी ते माझ्या ३५,००० च्या मर्यादेत बसणार नव्हते. म्हणजे माझा खरा प्रश्न १६० की १८० हा कधीच नव्हता. खोक्याची मापे लिहून, आकारमानाच्या वजनासह आणि अमुक दिवसांपर्यंत बंधनकारक असे लेखी कोटेशन बोलीच्या आधी मागितले असते, तर मी त्या लिलावात उतरलोच नसतो.

आता मी तसे पत्र आधी पाठवतो. गेल्या वर्षी एका लंबकाच्या घड्याळासाठी दोन पॅकिंग कंपन्यांना पाठवले होते. एकीने मापांसकट आकडा दिला, तो १९० पौंडांचा होता. दुसरीचे उत्तर आले, ‘साधारण ७० पौंड’. मी बोली लावली नाही.