आठ पॉइंटचे पैसे, सहा केबल, आणि त्याही तांब्याच्या नाहीत

साताऱ्याला आम्ही तळमजला आणि वर एक मजला असं घर बांधलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं भिंती फोडायच्या नाहीत, म्हणून नेटवर्कची वायरिंग बांधकामातच करून घ्यायची, हे मी आधीच ठरवलं होतं. इलेक्ट्रिशियनच्या ओळखीने कॅमेरे आणि नेटवर्कची कामं घेणारा एक ठेकेदार आला. आठ इथरनेट पॉइंट, कॉन्ड्यूट पाइप, कॅट-सिक्स केबल आणि राउटरसाठी लोखंडी कॅबिनेट असं सगळं मिळून ४६,००० रुपये ठरले. त्यातले ४०,००० मी गिलावा व्हायच्या आधीच देऊन टाकले. माझं पहिलं चुकलं ते इथे.

राहायला आल्यावर ३०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन घेतलं. वरच्या अभ्यासाच्या खोलीत लॅपटॉप भिंतीतल्या पॉइंटला जोडला, तर वेग ९४ च्या पुढे जाईना. ठेकेदार म्हणाला, "साहेब, लॅपटॉप जुना असेल." मी विश्वास ठेवला. तोच लॅपटॉप खाली थेट राउटरला जोडला तेव्हा वेग जवळजवळ ३०० आला. नव्वदीत अडकणारा वेग ही खूणच असते: जोडणी गिगाबिटवर न जाता शंभरवर बसलेली असते. शंभरला केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे हजारला, चारही लागतात.

माझा भाचा पुण्यात हेच काम करतो. दिवाळीत आला तेव्हा त्याने अभ्यासाच्या खोलीतली प्लेट उघडली. आत फक्त नारिंगी आणि हिरवी जोडी बसवलेली होती. निळी आणि तपकिरी दिसतच नव्हती. मग त्याने शेजारच्या बेडरूममधली प्लेट उघडली. तिथे निळी आणि तपकिरी जोडी नारिंगी-हिरवीच्या जागी बसवली होती. "मामा, एकच केबल दोन खोल्यांत वाटलीय," तो म्हणाला. मधल्या लॉफ्टवर एक जंक्शन बॉक्स होता, त्यात ती केबल फाडून दोन वाटा केल्या होत्या. हॉल आणि गेस्टरूमचीही तीच गत. कॅबिनेटमध्ये आठ पोर्टवर आठ लेबलं नीट चिकटवलेली होती, पण मागे केबल मोजल्या तर सहाच. मी लेबलं मोजली होती, केबल कधी मोजल्या नव्हत्या.

काम ताब्यात घेताना त्याने प्रत्येक पॉइंटला स्विचचा दिवा लावून दाखवला होता. दिवा दोन जोड्यांवरही लागतो. दर तारेला एक असा आठ दिव्यांचा साधा केबल टेस्टर लावला असता, तर १, २, ३ आणि ६ एवढेच दिवे लागले असते आणि त्याच दिवशी चोरी दिसली असती. हा टेस्टर काही शे रुपयांत मिळतो.

एवढ्यावर भागलं असतं तर केबल बदलून सुटका झाली असती. पण भाच्याने एक पॉइंट नव्याने पंच करायला, म्हणजे तारा खाचांत दाबून बसवायला घेतला आणि तार तुटली. दुसऱ्यांदाही तुटली. त्याने तारेवर ब्लेड खरवडलं. वरचा तांबूस रंग निघाला आणि आत पांढरी चमक दिसली. ही सीसीए केबल होती, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा. वेष्टनावर मात्र ठळक अक्षरांत Cat6 छापलेलं होतं. कॅट-सिक्सच्या मानकात अशी तार चालतच नाही.

खात्री करायची म्हणून उरलेला गुंडाळा बाहेर काढला. वेष्टनावर छापलेल्या मीटरच्या आकड्यांवरून तो ९० मीटर भरला. एका टोकाला एकाच जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळल्या आणि दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर लावला. २० ओहम आले. मानकाची मर्यादा दर १०० मीटरला एका तारेमागे ९.३८ ओहम आहे. जाऊन-येऊन १८० मीटर तार धरली तर ती सुमारे १७ होते. चांगल्या तांब्याच्या २३ गेजच्या केबलला १२-१३ च यायला हवेत.

आमच्या घरातली अंतरं वीस-पंचवीस मीटरचीच, त्यामुळे नुसत्या जास्त अवरोधाने लगेच काही बंद पडलं नव्हतं. खरा त्रास टोकांना होता. ॲल्युमिनियम दोन-चारदा वाकवलं की मोडतं, आणि जिथे पंच केलं तिथे हवेने त्यावर थर चढून जोड ढिला पडतो. छतावरचा वायफायचा ॲक्सेस पॉइंट केबलमधूनच वीज घेतो. तो दर आठ-दहा दिवसांनी बंद पडायचा आणि प्लेट हलवली की चालू व्हायचा. त्याचं कारण हेच.

ठेकेदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "बिलात कॉपर लिहिलंय का साहेब? कॅट-सिक्स लिहिलंय, कॅट-सिक्सच दिलीय." बिल काढून पाहिलं. "कॅट-६ केबल, १ बॉक्स" एवढंच होतं. तांबं नाही, गेज नाही, कंपनीचं नावही नाही. एका केबलवर दोन पॉइंट का काढले, यावर त्याने फोन ठेवला. त्यानंतर उचलला नाही.

जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधून ओढायचं ठरवलं. सहापैकी चार पाइपांतून नवी केबल गेली. दोन हलल्याच नाहीत. स्लॅबमध्ये त्याने २५ मिलिमीटरऐवजी २० चा पाइप टाकला होता आणि वळणावर लांब बेंड न लावता काटकोनी एल्बो बसवले होते, तेही एका वाटेत तीन-तीन. कॅट-सिक्सची केबल जवळपास ६ मिलिमीटर जाड असते, एल्बोत ती अडते. त्या दोन वाटांना आता भिंतीवरून पट्टी मारली आहे, आणि नव्या घराच्या हॉलमध्ये ती रोज डोळ्यांना खुपते.

कॅबिनेटची जागाही त्यानेच सुचवली होती, जिन्याखालच्या कोपऱ्यात. पॉइंटचा दर ठोक असल्याने केबल जितकी कमी तितका त्याचा फायदा, हे तेव्हा लक्षात आलं नाही. लोखंडी दारामागे राउटर तापायचा आणि वायफाय वरच्या मजल्यावर पोचायचाच नाही. आता राउटर वरच्या पॅसेजमध्ये, घराच्या मध्यावर उघडा लावलाय, आणि जिन्याखाली फक्त स्विच आणि फायबरचं टोक ठेवलंय. तिथे दाराला जाळी कापून घेतली आणि इन्व्हर्टरवरचे दोन सॉकेट काढून घेतले.

धाकट्या भावाचं घर वाईला उभं राहतंय. त्याच्या वर्क ऑर्डरमध्ये आम्ही लिहून घेतलंय: संपूर्ण तांब्याची, २३ गेजची केबल, प्रत्येक पॉइंटची स्वतंत्र केबल मध्ये जोड न देता कॅबिनेटपर्यंत, पाइप २५ मिलिमीटरचा, एल्बो नाही, पाइपात ओढायची दोरी सोडलेली. स्लॅब टाकण्याआधी आणि गिलाव्याआधी दोन्ही वेळा पाइपांचे फोटो काढायचे, आणि निम्मे पैसे टेस्टरवर आठही दिवे पाहिल्यानंतर. केबलचा बॉक्स दुकानातच उघडून दोन्ही टोकं बाहेर काढली, तार खरवडली, मग मल्टीमीटर लावला. ३०५ मीटरच्या बॉक्समध्ये एका जोडीचे ४२ ओहम आले, म्हणजे तांब्याच्या हिशेबात बसले.