व्हिनेगरची बाटली उलटी फिरवा, मग ठरवा

काळपट-तांबूस व्हिनेगर म्हणजे आंबवलेलं आणि पाण्यासारखं पांढरं म्हणजे सिंथेटिक, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. मग एकदा सोरपोतेल या गोव्याच्या मांसाच्या पदार्थासाठी आणलेल्या तपकिरी बाटलीची मागची बाजू वाचली. घटक तीनच: पाणी, ॲसेटिक ॲसिड (२६०), कॅरॅमल रंग (१५०). म्हणजे जळक्या साखरेचा रंग घातलेलं पातळ ॲसिड. उलट, आंबवून केलेल्या स्पिरिटपासून बनवलेलं व्हिनेगर पाण्यासारखं स्वच्छ असू शकतं. त्यामुळे रंगावरून काहीच ठरत नाही.

ठरतं ते मागच्या बारीक अक्षरांवरून. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत दोन्ही प्रकारांत किमान ३.७५ टक्के ॲसेटिक ॲसिड असावं लागतं, म्हणून आंबटपणाच्या आकड्यानेही फरक कळत नाही. पण सिंथेटिक बाटलीवर ‘सिंथेटिक – प्रिपेअर्ड फ्रॉम ॲसेटिक ॲसिड’ असं स्पष्ट लिहिणं सक्तीचं आहे. पुढे मोठ्या अक्षरांत ‘व्हाइट व्हिनेगर’ आणि ही ओळ मागे कोपऱ्यात, असं पुष्कळदा दिसतं. आंबवलेल्या बाटलीवर ‘ब्रूड’ किंवा ‘फर्मेंटेड’ हा शब्द असतो आणि घटकांत ते कशापासून केलं ते येतं: उसाचा रस, मळी, सफरचंद, माल्ट. घटकांच्या यादीत पाणी आणि २६० एवढंच असेल, तर पुढे सफरचंदाचं चित्र असलं तरी ते सिंथेटिकच.

शंका उरली तर एक घरगुती खूण आहे. दोन चमचे व्हिनेगर स्टीलच्या वाटीत मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, आटवा. गाळलेल्या उसाच्या किंवा फळाच्या व्हिनेगरचा तळाशी चिकट थर उरतो, कारण अशा आंबवलेल्या व्हिनेगरमध्ये नियमाने किमान दीड टक्का घनपदार्थ असावे लागतात. रंग न घातलेलं सिंथेटिक मात्र जवळजवळ काहीच मागे ठेवत नाही. अर्थात कॅरॅमल घातलेल्या सिंथेटिकचाही डाग राहतो आणि ऊर्ध्वपातन केलेलं आंबवलेलं व्हिनेगरही कोरडंच आटतं. त्यामुळे ही खूण लेबलला जोड म्हणूनच, त्याच्या जागी नाही.

आता घ्यायचं कोणतं? व्हिनेगरमधल्या मिरच्या, कांदे किंवा गाजर टिकवायचे असतील तर मी सिंथेटिक नाकारत नाही. टिकवण्याचं काम ॲसेटिक ॲसिड करतं आणि त्याचा रेणू दोन्हीकडे एकच असतो. तिथे खरा धोका पाण्याचा आहे. समजा, पाककृतीत ५ टक्क्यांचं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात आहे, एक कप आणि एक कप. म्हणजे द्रावणात अडीच टक्के ॲसिड. तुमच्या बाटलीवर ४ टक्के असेल आणि तुम्ही तेच माप घेतलंत, तर ते दोन टक्क्यांवर येतं आणि मिरच्यांना सुटणारं पाणी ते आणखी उतरवतं. मग वरती पांढरट साय धरते, पाणी गढूळ होतं, मिरच्या लिबलिबीत होतात. उपाय सोपा आहे: सव्वा कप व्हिनेगर, पाऊण कप पाणी. पुन्हा अडीच टक्के. (आपलं तेल-मिठातलं कैरीचं लोणचं या हिशोबात येत नाही, त्याचं टिकणं वेगळ्या वाटेने होतं.)

म्हणूनच गोव्याहून कोणी आणून दिलेलं माडाच्या सुरेचं घरगुती व्हिनेगर मी महिनोन्महिने टिकवायच्या बरणीत घालत नाही. चव अप्रतिम, पण आंबटपणा किती टक्के ते कुणालाच माहीत नसतं.

स्वयंपाकात मात्र पारडं साफ फिरतं. विंदालू, सोरपोतेल किंवा कोळंबीचं बलचांव यांत व्हिनेगर मसाल्याबरोबर वाटलं जातं, मांसात मुरतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चवीला येतं. माडाच्या किंवा उसाच्या व्हिनेगरचा वास आणि किंचित गोडसर शेवट तिथे लागतोच. सिंथेटिकने नुसता आंबट चटका बसतो आणि तो झाकायला साखर वाढवावी लागते. कोशिंबिरीवर कच्चं घालायचं असेल तरी तेच, कारण तिथे लपायला मसालाही नसतो. चायनीज पद्धतीच्या हिरव्या मिरचीच्या पाण्यासाठी किंवा पनीरसाठी दूध फाडायला महाग बाटली उघडू नका; तिथे फरक कळणार नाही.

आंबवलेल्या बाटलीत कधी तळाशी गाळ किंवा पारदर्शक, जेलीसारखा पडदा दिसतो. ती व्हिनेगरची ‘मदर’. व्हिनेगर खराब झालेलं नसतं. गाळून घ्या आणि वापरा. सिंथेटिकमध्ये असा पडदा सहसा धरत नाही.

आणि सुटं ग्लेशियल, म्हणजे पाणी न घातलेलं, ॲसेटिक ॲसिड आणून घरी पाणी घालायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. ते कातडी भाजतं, आणि ते खाण्यायोग्य प्रतीचं आहे की नाही हे सुट्या बाटलीवरून कळायला मार्ग नसतो.