यूडीपी बंद असेल तर व्हीपीएनवरचा व्हिडिओ कॉल कुठल्या वाटेने न्यायचा?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मला कॉलच्या तक्रारीसाठी बोलावलं होतं. परदेशी गिऱ्हाइकाला कॅमेऱ्यासमोर रंगाचे नमुने दाखवायचे आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजायचं. डिझाइन बघणारी मुलगी म्हणाली, "काका, समोरच्याचं बोलणं मध्येच थांबतं, आणि मग साठलेले शब्द एकदम भराभर येतात."

निदान तिच्या बोलण्यातच होतं. व्हीपीएन यूडीपीवर असताना पॅकेट हरवलं, तर एखादं अक्षर गळतं किंवा चित्राचे चौकोन पडतात, पण बोलणं पुढे सरकत राहतं. थांबणं आणि मग लोंढा येणं, हे व्हीपीएन टीसीपीवर चालल्याचं लक्षण आहे. इथे फायरवॉलने यूडीपी अडवला होता. ओपनव्हीपीएनच्या फाइलमध्ये दोन्ही पर्याय लिहिलेले असल्यामुळे व्हीपीएन कुणाला न कळता टीसीपी ४४३ वर गेला होता.

टीसीपीला क्रम मोडलेला चालत नाही. एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी दाराशी उभी राहतात. कॉलच्या आवाजाची साधारणपणे सेकंदाला ५० पॅकेट जातात, म्हणजे दर २० मिलिसेकंदांना एक. सर्व्हरपर्यंत जाऊन यायला ६० मिलिसेकंद लागत असतील, तर एका हरवलेल्या पॅकेटमागे आवाजाची तीन-चार तरी अडकतात. तेवढं अ‍ॅप सांभाळून घेतं. पण पुन्हा पाठवलेलंही हरवलं, तर टीसीपी आणखी थांबतो. लिनक्सवर ही मुदत किमान २०० मिलिसेकंदांची असते आणि दर अपयशानंतर दुप्पट होते. अर्धा सेकंद असा सहज जातो. त्या उशिरा आलेल्या आवाजाचा कॉलला काही उपयोग नसतो, पण टीसीपी तो पोचवल्याशिवाय पुढचं सोडत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: यूडीपी मिळवण्याचे सगळे मार्ग संपल्याशिवाय टीसीपीवर जाऊ नका.

पहिला प्रयत्न पोर्ट बदलण्याचा. वायरगार्ड फक्त यूडीपीवरच चालतो आणि बहुतेक ठिकाणी तो ५१८२० वर ठेवलेला असतो. अडवलाय का, हे `wg show` सांगतं: पाठवलेला डेटा वाढत राहतो, आलेला शून्यावर, आणि `latest handshake` ही ओळ दिसतच नाही. सर्व्हरवर आणि क्लायंटच्या `Endpoint` मध्ये पोर्ट ४४३ करून पाहा. ब्राउझरचा क्विक प्रोटोकॉल यूडीपी ४४३ वापरतो, त्यामुळे ते दार पुष्कळदा उघडं असतं. ओपनव्हीपीएन असेल तर सर्व्हर त्या पोर्टवर यूडीपी ऐकतोय याची खात्री करून क्लायंटमध्ये एवढंच लिहा:

```
proto udp
remote vpn.example.com 443
```

`nc -zu` ने पोर्ट तपासून "उघडा आहे" असं ठरवू नका. यूडीपीत उत्तर न येणं हीदेखील नेहमीची गोष्ट असल्याने ते फसवतं. खरा व्हीपीएन जोडूनच बघा.

कारखान्यात ४४३ सुद्धा बंद निघाला, कारण फायरवॉल क्विकही अडवत होती. पण फायरवॉल त्यांचीच होती. ती सांभाळणाऱ्याला एकच नियम घालायला सांगितला: आतून बाहेर, फक्त व्हीपीएन सर्व्हरच्या पत्त्यावर, यूडीपीचा एक पोर्ट. सगळा यूडीपी उघडायची गरज नव्हती, म्हणून त्यानेही हरकत घेतली नाही. त्याच दुपारी गडद निळ्या टॉवेलचा काठ कॅमेऱ्यापुढे धरून ती मुलगी न अडखळता बोलत होती.

हॉस्टेल, हॉटेल किंवा दुसऱ्याच्या ऑफिसात हा अधिकार आपल्याकडे नसतो. तिथे महत्त्वाच्या कॉलपुरता मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. त्यावर यूडीपी बहुधा चालतो. ७२० पिक्सेलच्या कॉलला दोन्ही दिशांना सुमारे १.२ एमबीपीएस धरले, तर तासाला एक जीबीच्या आसपास डेटा जातो. हॉटस्पॉटवर वायरगार्ड थोड्या शांततेनंतर तुटत असेल तर `PersistentKeepalive = 25` घाला.

कॉल व्हीपीएनच्या बाहेरून काढणं, म्हणजे स्प्लिट टनेल, हा पुढचा पर्याय. बाहेरही यूडीपी बंदच असेल, तर बहुतेक कॉल-अ‍ॅप स्वतःच टीसीपी ४४३ वर जातात. अडकणं पूर्ण जात नाही, पण व्हीपीएन सर्व्हरचा वळसा वाचतो आणि उरलेली फाइलींची ये-जा कॉलच्या रांगेत घुसत नाही. कंपनीचा लॅपटॉप असेल तर त्यांच्या आयटीला विचारल्याशिवाय मात्र हे करू नये.

आणि टीसीपी ४४३? जवळपास सगळीकडे जोडतो, म्हणून ईमेल, टॅली, फाइली यांसाठी तो ठेवाच. कॉल त्यावरच करावा लागला तर व्हिडिओ ३६० पिक्सेलवर आणा किंवा बंद करा, मोठं डाउनलोड थांबवा, आणि ओपनव्हीपीएनच्या सर्व्हरवर `tcp-nodelay` लावा, म्हणजे छोटी पॅकेट उगाच थांबून राहत नाहीत. वायरगार्डला `wstunnel` सारख्या साधनाने टीसीपीत गुंडाळलं तरी दुखणं हेच राहतं. वायरगार्ड जोडला गेला म्हणून कॉल सुधारेल असं समजून त्यावर संध्याकाळ घालवू नका.