कंपनीचा टॉप-अप की स्वतःचा सुपर टॉप-अप? पंधरा दिवसांत ठरवण्याआधी

ग्रुप मेडिक्लेमच्या नूतनीकरणाबरोबर एचआरचा मेल येतो. यंदापासून ऐच्छिक टॉप-अप, म्हणजे मूळ विमा रकमेच्या वरचं जादा संरक्षण, हप्त्याचा निम्मा भाग कंपनीचा, नावनोंदणी एक ते पंधरा तारखेपर्यंत. मी बरीच वर्षं अशा नोंदणीच्या कामात आहे, आणि त्या पंधरा दिवसांत एकच प्रश्न पन्नास वेळा येतो: "एवढ्याच पैशांत बाहेर स्वतःचा सुपर टॉप-अप मिळतो, मग हा कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण बहुतेक जण दोन्हींचे हप्ते शेजारी मांडतात आणि तिथेच थांबतात. खरा फरक हप्त्यात फारसा नसतोच.

आधी हप्ता उरकून टाकू. उदाहरणापुरते आकडे धरतो, तुमच्या मेलमधले वेगळे असतील. मूळ पॉलिसी ५ लाखांची, नवरा-बायको-मुलांचा फ्लोटर, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच ५ लाख. त्यावर १० लाखांचा टॉप-अप, वार्षिक हप्ता ७,२००. ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ८,४९६. निम्मे कंपनी देणार, तुमच्या वाट्याला ४,२४८, तीन पगारांतून १,४१६ रुपयांप्रमाणे कापले जाणार. तिशीतल्या निरोगी जोडप्याला बाहेर ५ लाखांच्या डिडक्टिबलवर, म्हणजे पहिले ५ लाख सोडून त्यावरचं बिल देणारा, १० लाखांचा सुपर टॉप-अप समजा ४,५०० ला मिळाला. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, त्यामुळे ४,५०० म्हणजे ४,५००च. फरक अडीचशे रुपयांचा. त्यावर निर्णय घेऊ नये.

कंपनीचा आकडा मुळात जास्त दिसतो, कारण तो सगळ्यांच्या सरासरी वयावर आणि आजारांवर काढलेला असतो. कंपनीचा वाटा नसता तर तरुण माणसाला तो महागच पडला असता. पंचेचाळिशीपुढच्याला, आणि ज्याच्या घरात मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्याला, हाच आकडा स्वस्त वाटतो. (जुन्या करप्रणालीत असाल तर ८०डी खाली फक्त तुम्ही भरलेला भाग दाखवता येतो, कंपनीने भरलेला नाही. नव्या प्रणालीत ही वजावटच नाही.)

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती एका शब्दावर अडकलेली आहे. साधा टॉप-अप प्रत्येक क्लेम वेगळा मोजतो. सुपर टॉप-अप वर्षभरातले सगळे क्लेम एकत्र मोजतो. कंपनीच्या मेलमध्ये मात्र दोन्हींना नुसतं "टॉप-अप" म्हटलेलं असतं.

एक घर घ्या. जूनमध्ये बायकोची अँजिओप्लास्टी, मंजूर होण्याजोगं बिल ४,१०,०००. नोव्हेंबरमध्ये नवऱ्याचा अपघात, पायात रॉड, बिल २,६०,०००. मूळ पॉलिसी पहिल्या वेळी ४,१०,००० देते आणि दुसऱ्या वेळी उरलेले ९०,०००. तिचे ५ लाख संपले. मागे १,७०,००० उरले. ते कोण देणार?

| वरचं संरक्षण | १,७०,००० पैकी किती देतं |
|---|---|
| दर क्लेमला डिडक्टिबल मोजणारा टॉप-अप | शून्य, कारण दोन्हींपैकी एकही बिल ५ लाखांवर गेलं नाही |
| मूळ रक्कम संपल्यावर चालू होणारा कंपनीचा टॉप-अप | पूर्ण |
| वर्षाची बेरीज धरणारा सुपर टॉप-अप | पूर्ण, पण खालची अट पाहा |

कंपनीचा टॉप-अप यातला पहिला आहे की दुसरा, हे मेलमधून बहुधा कळत नाही. पॉलिसीच्या अटींत "प्रत्येक क्लेममागे" असं आहे की "मूळ विमा रक्कम संपल्यानंतर", एवढं एक वाक्य एचआरकडून किंवा ब्रोकरकडून लेखी मागून घ्या. दर क्लेमवाला असेल तर निम्म्या किमतीतही मी तो मनापासून सुचवणार नाही. एका घरात एकदम सात-आठ लाखांचं एकच बिल येण्यापेक्षा वर्षात तीन-चार लाखांची दोन बिलं येणं मी जास्त वेळा पाहिलंय.

आता तिसऱ्या ओळीतली अट. बाहेरच्या सुपर टॉप-अपचं वर्ष तुम्ही तो विकत घेतलात त्या दिवसापासून चालू होतं. कंपनीची पॉलिसी एप्रिल ते मार्च चालते, आणि तुम्ही सुपर टॉप-अप घेतलात ऑक्टोबरमध्ये. मग जूनची अँजिओप्लास्टी त्याच्या आधीच्या वर्षात पडली आणि नोव्हेंबरचा अपघात चालू वर्षात. चालू वर्षाची बेरीज फक्त २,६०,०००. ती ५ लाखांच्या आतच आहे, म्हणून सुपर टॉप-अप एक पैसा देणार नाही, आणि तो नियमानुसार बरोबरच असेल. मूळ पॉलिसी मात्र जूनमध्येच जवळजवळ रिकामी झालेली. ही फट माणसाला क्लेम फेटाळल्याचं पत्र हातात आल्यावरच दिसते. कंपनीच्या टॉप-अपला हा त्रास नाही, तो मूळ पॉलिसीबरोबरच सुरू होतो आणि तिच्याबरोबरच संपतो. बाहेरचा घेणार असाल तर कंपनीच्या नूतनीकरणाची तारीख विचारा आणि तुमची पॉलिसी शक्यतो त्याच दिवशी सुरू करा.

दुसरी फट खोलीभाड्याची. मूळ पॉलिसीत खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००, अशी मर्यादा असली आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत, तर नुसता भाड्यातला फरक कापत नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे संबंधित खर्चही पाच अष्टमांश धरला जातो. असा खर्च २,४०,००० असेल तर १,५०,००० मंजूर होतात आणि ९०,००० खिशातून जातात. कंपनीचा टॉप-अप बहुधा मूळ पॉलिसीच्याच अटींवर चालतो, त्यामुळे हे ९०,००० तो भरून देत नाही. "वर १० लाख आहेत ना, मग घेऊ या डिलक्स रूम" हा हिशेब तिथे फसतो. बाहेरच्या सुपर टॉप-अपच्या अटी त्याच्या स्वतःच्या असतात, खोलीबाबत त्या बऱ्याचदा सैल असतात. पण तोही ५ लाखांच्या वरच्या खर्चालाच लागू, खालच्या कापाकापीशी त्याचा संबंध नाही.

हे सगळं वाचून वाटेल की नीट तारीख जुळवून बाहेरचाच घ्यावा. मग आजारपणाचा मुद्दा येतो आणि पारडं फिरतं. बाहेरच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड ठेवता येतो. शिवाय अर्ज तपासून विमा कंपनी नकार देऊ शकते किंवा हप्ता वाढवू शकते. ग्रुप टॉप-अपमध्ये सहसा तपासणी नसते आणि जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. (सहसा म्हणतोय. हेही अटींत बघा.)

नोंदणीची मुदत एवढी कडक का, याचं उत्तर याच सवलतीत आहे. तपासणीशिवाय कधीही आत येता आलं असतं तर लोक एमआरआयचा रिपोर्ट हातात आल्यावर आले असते. म्हणून विमा कंपनी दार पंधरा दिवस उघडते आणि बंद करते. नंतर वर्षभरात फक्त नवीन रुजू झालेला कर्मचारी, लग्न झालेला आणि ज्याच्या घरी मूल जन्मलं तो, एवढ्यांनाच बहुतेक ठिकाणी ठरावीक दिवसांत आत घेतात. आई-वडिलांना मध्येच जोडून द्या म्हणून येणाऱ्यांना दरवर्षी परत पाठवावं लागतं, वाईट वाटतं, पण इलाज नसतो. आई-वडिलांच्या टॉप-अपचा हप्ता बहुधा पूर्ण तुमचाच असतो, त्यावर को-पेही असतो, म्हणजे प्रत्येक बिलाचा ठरावीक हिस्सा तुम्हीच भरायचा, तरी साठीपुढच्या मधुमेही माणसाला बाहेर त्या अटींवर कोणी घेणार नाही. तिथे मी फार तुलना करत बसत नाही.

नोकरी सोडल्यावर काय? कंपनीचं संरक्षण शेवटच्या कामाच्या दिवशी संपतं, मूळ आणि टॉप-अप दोन्ही. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि काढलेल्या वेटिंग पिरियडचं श्रेयही मिळतं, पण अर्ज वेळेत करावा लागतो आणि स्वीकारायचा की नाही हे विमा कंपनी तपासून ठरवते. बाहेरचा सुपर टॉप-अप तुमच्याबरोबर येतो. फक्त त्याच्याखालचे ५ लाख गेलेले असतात. पुढची नोकरी लागेपर्यंत पहिल्या ५ लाखांचं बिल तुमच्या खिशातून, हे धरून चाला.

आमच्याकडच्या दोघांचं सांगतो. एकतीस वर्षांचा, दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणारा मुलगा विचारायला आला. त्याला म्हटलं, बाहेरचा घे, नूतनीकरणाच्या तारखेलाच सुरू कर, निरोगी आहेस तोवर तीन वर्षांचं घड्याळ संपवून टाक. दुसरे सेहेचाळीस वर्षांचे, वहिनींना मधुमेह. त्यांनी कंपनीचा घ्यावा यात मला शंका नव्हती, आणि टॉप-अप मूळ रक्कम संपल्यावर चालू होणाराही होता. त्यांनी स्वतःसाठी एकट्याचा बाहेरचाही घेतला. जरा जास्तच वाटलं मला, पण त्यांचं म्हणणं, निवृत्तीच्या वेळी नव्याने रांगेत उभं राहायचं नाही.

त्यांच्याच बाबतीत घडलेलं शेवटचं. पोर्टलवर त्यांनी टॉप-अपवर टिक केली, बायको-मुलांची नावं भरली आणि पान बंद केलं. "सबमिट" राहिलं. पोर्टल अशा अर्जाला ड्राफ्ट म्हणून ठेवतं आणि मुदत संपली की ड्राफ्ट म्हणजे नकार. चौदा तारखेला यादी चाळताना दिसलं म्हणून फोन केला. तेव्हा पोचपावतीचा मेल येईपर्यंत नोंदणी झाली असं समजू नका. त्या महिन्याच्या पगारपत्रकात कपातीची वेगळी ओळ आली का, ते बघा. आणि ई-कार्ड उतरवून घ्या: टॉप-अपचा पॉलिसी नंबर अनेकदा मूळपेक्षा वेगळा असतो, आणि बायकोची जन्मतारीख चुकलेली असेल तर ती दुरुस्त करायची वेळ हॉस्पिटलच्या काउंटरवर यायला नको.